सात उद्दिष्टांचा एक तक्ता

संस्थेचा प्रस्ताव देणगीदाराकडे जातो आणि काही दिवसांनी उत्तर येतं : काम आवडलं, पण उद्दिष्टं लॉगफ्रेममध्ये मांडून पुन्हा पाठवा, नमुना सोबत जोडला आहे. नमुन्यात चार ओळी, चार रकाने, बाकी सगळं कोरं. मग संस्थेत ज्याचं इंग्रजी बरं असेल त्याच्या गळ्यात ते काम पडतं. तो रात्री बसतो, प्रस्तावातली वाक्यं उचलतो आणि एकेका चौकटीत टाकत जातो. सकाळपर्यंत सोळाही चौकटी भरलेल्या असतात. पण एका चौकटीचा दुसरीशी काय संबंध, असं विचारलं तर भरणाऱ्यालाही सांगता येत नाही.

लॉगफ्रेम, म्हणजे लॉजिकल फ्रेमवर्क, ही मुळात भांडण मिटवण्यासाठी काढलेली युक्ती. १९६९ साली अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी लिऑन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. यूएसएडच्या प्रकल्पांचं मूल्यमापन करायला माणसं जायची तेव्हा वाद व्हायचे, कारण प्रकल्पानं नेमकं काय साधायचं होतं हेच कुठे धड लिहिलेलं नसे. धान्याचं गोदाम बांधून झालं, पण शेतकऱ्याची मिळकत वाढली नाही. मग प्रकल्प फसला की यशस्वी झाला? व्यवस्थापकानं कशाचा जाब द्यायचा, गोदामाचा की मिळकतीचा? हे आधीच ठरवून एका पानावर लिहून ठेवायचं, एवढीच मूळ कल्पना. पुढे १९८० च्या दशकात जर्मनीच्या जीटीझेडनं भिंतीवर चिठ्ठ्या लावून प्रश्नाची मुळं शोधण्याची पद्धत तिला जोडली, १९९२ मध्ये युरोपीय समुदायानं ती स्वीकारली, आणि आता आपल्याकडच्या काही कंपन्यांचे सीएसआर विभागही हाच तक्ता मागतात.

उद्दिष्टं तक्त्यात जाताना त्यांचं काय होतं हे एका उदाहरणावरून पाहू. संस्था आणि आकडे कल्पित आहेत. परिस्थिती मात्र मराठवाड्यात सगळ्यांच्या ओळखीची आहे. बीड जिल्ह्यातल्या दहा गावांतली ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर-सांगलीकडे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. मुलं बरोबर गेली की त्यांचं शाळेचं निम्मं वर्ष बुडतं. संस्थेच्या प्रस्तावात उद्दिष्टं होती ती अशी : वंचित मुलांना शिक्षणाच्या मुख्य प्रवाहात आणणे, दहा गावांत हंगामी भोजन व निवास केंद्रे चालवणे, पालकांमध्ये जनजागृती करणे, शाळागळती रोखणे, संध्याकाळचे अभ्यासवर्ग घेणे, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सक्षमीकरण, बालविवाहांना आळा घालणे.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण सातही एकाच रांगेत उभी आहेत, आणि घोळ तिथेच आहे. अभ्यासवर्ग घेणं हे काम आहे, ते सोमवारपासून सुरू करता येतं. शाळागळती रोखणं हे काम नाही; ते बरीच कामं नीट झाली, वर नशिबानं साथ दिली, तर काही वर्षांनी दिसणारं फळ आहे.

तक्त्यात या गोष्टी चार पायऱ्यांवर बसतात. सर्वांत खाली कृती : आपण रोज काय करतो. त्यावर आउटपुट : त्या कृतींतून थेट तयार होऊन हाती येणारी सोय किंवा सेवा. त्यावर हेतू : ती सोय वापरून माणसांच्या वागण्यात होणारा बदल. आणि सर्वांत वर ध्येय : ज्या मोठ्या भल्यासाठी हे सगळं चाललंय ते. एखादं उद्दिष्ट कुठल्या पायरीचं हे ओळखायला दोन प्रश्न पुरतात. ‘कशासाठी?’ विचारलं की वरची पायरी सापडते, ‘कसं?’ विचारलं की खालची. तरीही अडलं तर तिसरा प्रश्न विचारावा, हे कोणाच्या हातात आहे? कृती आणि आउटपुट संस्थेच्या हातात असतात. ते झाले नाहीत तर सबब चालत नाही. हेतू मात्र दुसऱ्याच्या हातात असतो. केंद्र आपण उघडू शकतो, मूल मागे ठेवायचं की नाही ते त्याचे आईबाप ठरवतात. ही सीमारेषा कुठून जाते हे कळलं की निम्मा तक्ता आपोआप लागतो.

या चाळणीतून सात उद्दिष्टं काढून बघू. भोजन-निवास केंद्रं आणि अभ्यासवर्ग हे सरळ आउटपुट. ‘जनजागृती’ ही कृती आहे, तीही मोघम. कशासाठी जागृती? पालकांनी मुलं मागे ठेवावीत म्हणून. मग घरोघरी जाऊन पालकांशी बोलणं असं लिहायचं, म्हणजे कोण, कधी, किती घरं हे विचारता येतं. ‘सक्षमीकरण’ हा शब्द तर मी प्रस्तावात दिसला की खोडतोच. सक्षम झालेली समिती काय करते ते लिहा. इथे उत्तर निघालं ते असं : समिती ऑगस्टअखेर गावातल्या जाणाऱ्या कुटुंबांची यादी करते आणि प्रत्येक घरी मुलांविषयी बोलून येते. हे आउटपुट झालं, आणि जनजागृती त्याच्या पोटात गेली. ‘मुख्य प्रवाह’ आणि ‘शाळागळती’ ही एकच गोष्ट दोन तोंडांनी सांगितलेली. दोन्ही मिळून ध्येय झालं, की या कुटुंबांतल्या मुलांचं आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण व्हावं.

बालविवाहाचं उद्दिष्ट उरतं. त्याच्याखाली प्रस्तावात एकही कृती नव्हती. देणगीदाराला आवडेल म्हणून ते घातलं होतं, हे उघड आहे. विषय मात्र खोटा नाही. मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची ही धास्ती, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्यानं लग्न झालेल्या जोडप्याला मिळणारी उचल, या दोन्ही गोष्टी मुलींची लग्नं लवकर लावायला हातभार लावतात. पण ज्यासाठी काहीच करायचं ठरलेलं नाही ते उद्दिष्ट म्हणून तक्त्यात बसू शकत नाही. ते तिथून निघालं. गृहीतकांच्या रकान्यात ते वेगळ्या रूपात पुन्हा भेटेल.

आता गंमत बघा. सातांपैकी सहा उद्दिष्टं खाली-वर जागेला लागली, सातवं गळलं, आणि हेतूची ओळ रिकामीच राहिली. मूल हंगामात गावी राहतं आणि शाळेत जातं, हे वाक्य सातांत कुठे नव्हतंच! संस्थेला ते इतकं उघड वाटत होतं की कोणी लिहिलंच नाही. प्रस्तावांत हे फार आढळतं. लोक आपण काय करणार ते सांगतात आणि जगाचं काय भलं होणार ते सांगतात, पण या दोहोंमधला दुवा डोक्यातच ठेवतात. हेतू एकच असावा असा लॉगफ्रेमचा जुना दंडक आहे. दोन हेतू घातले की ओढाताण झाल्यावर पैसा आणि माणसं कुठे वळवायची हे ठरत नाही.

हेतू लिहिताना ‘करणे’, ‘आणणे’ अशी क्रियापदं टाळावीत आणि गोष्ट घडून गेली आहे असं समजून लिहावं : ‘ऊसतोड कुटुंबांतली ६ ते १४ वयाची मुलं हंगामात गावी राहून नियमित शाळेत जातात.’ असं वाक्य लिहिलं की ते खरं झालंय का हे जाऊन बघता येतं.

ते बघायचं कशावरून, याचं उत्तर दुसऱ्या रकान्यात, निर्देशकांच्या. इथे सर्वांत नेहमीची चूक म्हणजे खालच्याच पायरीची गोष्ट वर पुन्हा लिहिणं. हेतूसमोर ‘दहा केंद्रं कार्यरत’ असं लिहिलेलं मी कितीतरी तक्त्यांत वाचलं आहे. केंद्रं चालू आहेत हे आउटपुट झाल्याचं लक्षण. ती चालू असूनही मुलं कारखान्याच्या वाटेला लागलेली असू शकतात. हेतूचा निर्देशक असा हवा की सगळे आउटपुट झाले आणि हेतू फसला, तर तो फसवणूक न करता तसं सांगेल.

दुसरी चूक सुरुवातीच्या आकड्याची. ‘स्थलांतर ५० टक्क्यांनी कमी’ असं लिहितात, पण आज किती मुलं जातात हे कोणी मोजलेलं नसतं. आपल्या उदाहरणात संस्थेनं घरोघरी जाऊन मोजलं : या कुटुंबांत ६ ते १४ वयाची ६२० मुलं, त्यांतली ३९० गेल्या हंगामात बरोबर गेली. त्या ३९० मध्ये मुली २१०, मुलगे १८०. त्यावरून पहिल्या मसुद्यात निर्देशक लिहिला गेला : दुसऱ्या हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, बरोबर जाणारी मुलं १५० पेक्षा जास्त नाहीत, त्यांत मुली ७५ पेक्षा जास्त नाहीत, आणि मागे राहिलेली मुलं चारपैकी किमान तीन दिवस शाळेत हजर. किती, कोण, कुठे, केव्हापर्यंत, कितपत चांगलं, हे सगळं एका वाक्यात आलं. मुलींचा आकडा वेगळा काढला ते पुढे फार कामी आलं.

तिसरा रकाना पडताळणीचा. माहिती कुठून आणणार? सगळे लिहितात, शाळेचा हजेरीपट. इथे मात्र सावध राहायला हवं. पटसंख्येवर शिक्षकांची पदं ठरतात, त्यामुळे गेलेलं मूलही पटावर हजर राहण्याचा मोह शाळेला असू शकतो. म्हणून संस्थेनं ठरवलं, की महिन्यातून एकदा, दिवस आधी न सांगता, कार्यकर्ती आणि समितीचा एक सदस्य वर्गात जाऊन डोकी मोजतील आणि हजेरीपटाशी ताडून पाहतील. दहा गावं, पाच महिने, म्हणजे हंगामात पन्नास भेटी. या भेटींना माणूस लागतो, गाडीभाडं लागतं. म्हणजे पडताळणीसुद्धा खाली कृतींच्या ओळीत आणि अंदाजपत्रकात यायला हवी. पडताळणी परवडत नसेल तर निर्देशक बदलावा. न परवडणारा निर्देशक लिहून ठेवला की वर्षअखेरीस अहवालात अंदाजपंचे आकडा येतो.

राहिला शेवटचा रकाना, गृहीतकांचा. हा बहुधा सर्वांत शेवटी, कंटाळून भरला जातो. ‘पाऊसमान चांगलं राहील’, ‘शासनाचं सहकार्य मिळेल’, ‘समाजाचा सहभाग राहील’ एवढं लिहिलं की सुटका. माझ्या मते प्रस्ताव लिहिणाऱ्याला गाव कितपत ठाऊक आहे हे पाहायचं तर आधी हाच रकाना वाचावा.

गृहीतकाचं काम पायऱ्या सांधण्याचं आहे. तक्ता खालून वर, असा मोठ्यानं वाचायचा : या कृती केल्या आणि त्यांच्याच ओळीतली गृहीतकं खरी ठरली, तर आउटपुट मिळतील. आउटपुट मिळाले आणि त्या ओळीतली गृहीतकं खरी ठरली, तर हेतू साधेल. ध्येयापर्यंत असंच. वाचताना जीभ अडखळली, ‘हो, पण...’ असं कोणी म्हणालं, की त्या ‘पण’नंतरचं वाक्य हेच गृहीतक.

केंद्रं चालली, वर्ग झाले, समित्या घरोघरी गेल्या, तर मुलं मागे राहतील. हो, पण घरी आजी-आजोबा तरी हवेत. हो, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला रात्री केंद्रात ठेवायला आई तयार होईल का? हो, पण तळावर धाकट्याला कोण सांभाळणार?

मिळालेल्या प्रत्येक गृहीतकाला दोन प्रश्न विचारायचे. हे आपल्या हाताबाहेरचं आहे का? आणि ते खरं ठरण्याची शक्यता किती? जवळपास नक्की असेल तर लिहायची गरज नाही. बहुधा ठरेल असं असेल तर लिहायचं आणि हंगामभर त्यावर डोळा ठेवायचा. बहुधा ठरणार नाही असं असेल, तर ते नुसतं लिहून चालत नाही. मग आराखडा बदलून ते आपल्या कामात आणता येतं का ते बघायचं. नसेल येत आणि त्यावाचून हेतू साधत नसेल, तर त्याला या क्षेत्रात जीवघेणं गृहीतक म्हणतात. तिथे लक्ष्य तरी बदलावं लागतं, नाहीतर प्रकल्प सोडून द्यावा लागतो.

आजी-आजोबांचं गृहीतक सोपं निघालं. समितीच्या यादीत ‘घरी मागे कोण राहतं?’ असा एक रकाना वाढवला की कुठल्या मुलाला नुसतं जेवण पुरेल आणि कुठल्याला झोपायचीही सोय लागेल हे कळतं. मोठ्या मुलींच्या सुरक्षिततेचं गृहीतक खरं ठरण्याची शक्यता कमी होती. बालविवाहाच्या उद्दिष्टाचं मूळ इथेच आहे; लग्न लावून देणं हा आईबापांच्या दृष्टीनं त्याच धास्तीवरचा इलाज असतो. पण हे आराखड्यात आणता येण्यासारखं होतं : प्रत्येक निवास केंद्रात रात्री मुक्कामाला गावातलीच, पालकांनी सुचवलेली एक बाई. गृहीतक खोडलं, कृती वाढली, खर्चही वाढला.

तिसरं मात्र जीवघेणं होतं. पहाटे आईबाप फडात उतरतात तेव्हा तान्ह्या भावंडाला कोपीत सांभाळायला थोरली बहीण लागते. दहा-बारा वर्षांची मुलगी बरोबर नेली जाते त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं, शिक्षणाविषयीची अनास्था नाही. गावात कितीही चांगलं केंद्र उघडा, पालकांना कितीही समजावा, तान्हं मूल तिथे राहू शकत नाही आणि आई फडात गेल्यावर त्याच्यापाशी कोणीतरी हवंच. संस्थेनं पुन्हा यादी काढून पाहिलं : जाणाऱ्या २१० मुलींपैकी ८० जणींच्या घरी तीन वर्षांखालचं मूल होतं. म्हणजे जाणाऱ्या मुली ७५ वर आणण्याचं लक्ष्य कागदावरच अशक्य होतं. मुलगे-मुली एकत्र मोजले असते तर हे दिसलंच नसतं.

यावर खरा उपाय तळावरचं पाळणाघर हा. पण तो तळ दोन-तीनशे किलोमीटरवर, कारखान्याच्या हद्दीत, आणि एका गावच्या टोळ्या सगळ्या एकाच कारखान्याला जातात असंही नाही. बीडमधल्या दहा गावांत काम करणाऱ्या छोट्या संस्थेच्या आवाक्यातलं ते नव्हतं. मग लक्ष्य बदललं. बरोबर जाणारी मुलं १८० पेक्षा जास्त नाहीत, त्यांत मुली १०० पेक्षा जास्त नाहीत. आणि गृहीतक स्पष्ट शब्दांत लिहिलं, की ज्या घरी तान्हं मूल आहे तिथली थोरली मुलगी या प्रकल्पामुळे मागे राहील अशी अपेक्षा धरलेली नाही. आकडा कमी केला तर देणगीदार नाराज होईल ही भीती असतेच. पण हंगामानंतर तोंडघशी पडण्यापेक्षा हे बरं, आणि पाळणाघरासाठी दुसऱ्या कोणाला जोडून घेता येईल का हा प्रश्न तरी देणगीदाराच्या टेबलावर पडतो.

कृतींच्या ओळीखाली आणखी एक छोटी चौकट असते, पूर्वअटींची. काम सुरू होण्याआधीच जे व्हायला हवं ते तिथे लिहितात. इथली पूर्वअट वेळेची होती. बऱ्याच घरांत मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, तेव्हा आईबाप जाणार हे ठरलेलं असतं. मुलाचं काय हे मात्र निघेपर्यंत अधांतरी असतं. समितीची घरभेट ऑगस्टमध्ये ठेवली ती त्यासाठी. आणि केंद्राचा स्वयंपाक कुटुंबं निघण्याआधी पेटलेला दिसला नाही, तर आई मुलाला ट्रॅक्टरवर बसवणारच. देणगीचा पहिला हप्ता डिसेंबरात आला तर तो त्या हंगामापुरता वाया गेला असं समजावं.

एवढी घासाघीस झाल्यावर तक्ता असा दिसू लागला :

| पायरी | निर्देशक | पडताळणी | गृहीतकं |
|---|---|---|---|
| ध्येय : ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांचं आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होतं | आठवी पूर्ण करणाऱ्यांची संख्या, मुलगे-मुली वेगळी | शाळांचे निकाल आणि दाखले | (सर्वांत वरची पायरी, म्हणून रिकामं) |
| हेतू : ६ ते १४ वयाची मुलं हंगामात गावी राहून नियमित शाळेत जातात | दुसऱ्या हंगामात जाणारी मुलं ३९० वरून १८० वर, त्यांत मुली कमाल १००, राहिलेली मुलं चारपैकी तीन दिवस हजर | महिन्यातून एकदा अचानक मोजणी, हजेरीपटाशी ताडून | पुढच्या इयत्तांची शाळा चालत किंवा एसटीनं गाठता येते, शाळेत शिक्षक आहेत |
| आउटपुट : १. केंद्रांत जेवण, गरजेपुरता निवास २. अभ्यासवर्ग ३. समितीची यादी आणि घरभेटी | १. २१० मुलं, १५० दिवस २. शाळेच्या दिवशी रोज दीड तास ३. दहाही गावांत ऑगस्टअखेर | केंद्राची वही, कार्यकर्तीची नोंद, समितीचं इतिवृत्त | आजी-आजोबांची तब्येत साथ देते. तान्हं मूल असलेल्या घरची मुलगी मोजलेली नाही |
| कृती : यादी, घरभेटी, स्वयंपाकी आणि मुक्कामी बाईंची नेमणूक, किराणा, वर्ग, मासिक मोजणी | (इथे माणसं, सामान आणि खर्च) | हिशेबवही | स्वयंपाक करायला गावात बाया मिळतात. पूर्वअट : पहिला हप्ता सप्टेंबरअखेर |

या तक्त्यात कोणती चौकट कोणाच्या शेजारी येते याला अर्थ आहे. एसटीचं गृहीतक हेतूच्या ओळीत आहे, कारण ते हेतू आणि ध्येय यांच्यामध्ये उभं आहे. मूल गावी राहिलं, चौथी-पाचवीपर्यंतच्या गावच्या शाळेत नियमित गेलं, आणि पुढची शाळा दुसऱ्या गावात असून गाडी नसेल, तर हेतू साधूनही ध्येय हुकतं. तेच गृहीतक एक ओळ खाली लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, एसटीअभावी मुलं उसाला जातात.

पैशाचा हिशेबही या तक्त्यानं उघडा पाडला. पहिल्या प्रस्तावात जेवणासाठी १४ लाख मागितले होते. आकडा कुठून आला ते कोणालाच आठवेना. आता आउटपुटसमोर २१० मुलं आणि १५० दिवस असं लिहिलेलं आहे. गुणाकार ३१,५०० होतो. सकाळ-संध्याकाळच्या दोन जेवणांचे दिवसाला ६० रुपये धरले तर एका हंगामाचे १८ लाख ९० हजार. १४ लाखांत जेमतेम १५५ मुलं जेवली असती. तेव्हा पैसे वाढवा, नाहीतर आकडा उतरवा; दोन्ही जसंच्या तसं ठेवणं शक्य नाही.

या पद्धतीवर टीका करणारेही खूप आहेत आणि ते जुने जाणकार आहेत. हेगच्या समाजशास्त्र संस्थेतले डेस गॅस्पर यांनी तिच्या बिघडलेल्या रूपांना नावंच ठेवली. एक, तर्क नसलेली चौकट : आधी ठरलेला प्रकल्प चौकटीत कोंबलेला, वर सांगितलेल्या रात्रीच्या तक्त्यासारखा. दुसरी, कुलूपबंद चौकट : एकदा मंजूर झाली की पुढे गावात काहीही घडो, कार्यकर्ते तेवढेच आकडे पुरे करत राहतात. दुसरा धोका जास्त मोठा, कारण तो चांगल्या केलेल्या तक्त्यालाही असतो. बहुतेक देणगीदार कृती आणि आउटपुट यांतले बदल पत्रानं मान्य करतात. हेतू बदलायचा तर करारच बदलावा लागतो. ही सवड वापरायची तर तक्ता मंजुरीनंतर फायलीत न जाता हंगामाआधी आणि हंगामानंतर बाहेर निघायला हवा, आणि ज्यांच्याविषयी तो आहे त्यांना तो वाचून दाखवायला हवा. तोही रकान्यांसकट नको, ‘हे केलं आणि ते खरं ठरलं, तर असं होईल’ अशा साध्या वाक्यांत.

गावात असं वाचन झालं की आमच्या तक्त्यावरचा पहिला आक्षेप कुठून येईल हे सांगता येतं. ६२० पैकी २३० मुलं आधीपासूनच आजी-आजोबांकडे राहत होती. त्यांच्यासाठी तक्त्यात काहीच नाही. ज्या आजीनं कोणी न सांगता नात ठेवून घेतली तिच्या नातीला ताट नाही, आणि शेजारच्या घरातलं मूल आता राहिलं म्हणून त्याला दोन वेळचं जेवण! आजी हे बोलून दाखवणार, आणि स्वयंपाकीण बाई दारात आलेल्या पोराला परत पाठवणार नाही. प्रत्यक्षात ताटं २१० नव्हे, ४४० लागणार. दोन्ही वेळचं जेवण द्यायचं तर खर्च ३९ लाख ६० हजारांवर जातो, आणि तो कोणी देणार नाही.

पण दुपारचं जेवण शाळेत मिळतंच. घरी आजी असेल तर सकाळची भाकरी ती करते. अडचण आहे ती संध्याकाळची. तेव्हा पहिला आउटपुट बदलता येतो : गावी राहिलेल्या सर्व ४४० मुलांना संध्याकाळचं एक जेवण. ३० रुपयांप्रमाणे १५० दिवसांचे १९ लाख ८० हजार, आधीच्या हिशेबापेक्षा ९० हजारच जास्त. ज्यांच्या घरी कोणीच नाही त्यांच्या सकाळच्या जेवणाची तरतूद वेगळी करावी लागेल. आणि शाळा बंद असते त्या दिवशी, म्हणजे रविवारी आणि सणाच्या सुट्टीत, दुपारचं काय, हे अंदाजपत्रक पुन्हा टाईप करायच्या आधी समितीलाच विचारून घ्यावं लागेल.